चप्पल परत आली तर? ऑनलाइन कोल्हापुरी विकणाऱ्या नवख्यांसाठी परताव्याचे नियम

पहिल्या वर्षी मी एका मोठ्या ब्रँडचा परताव्याचा मजकूर थोडेफार शब्द बदलून आमच्या वेबसाइटवर चिकटवला होता. तीस दिवसांची मुदत, कारण विचारणार नाही, पैसे पूर्ण परत. मे महिन्यात लग्नसराई उरकल्यावर एक जोड परत आला. खोका नीट, बिल नीट, कारण लिहिलेलं ‘मापात बसली नाही’. जोड उलटा केला तर तळाच्या चामड्यावर ओरखडे, आणि पट्ट्याच्या वेणीत अडकलेली एक पिवळी अक्षता. पैसे दिले. ‘कारण विचारणार नाही’ असं आम्हीच लिहून ठेवलं होतं, आता विचारणार काय?

रागाच्या भरात दुसऱ्या दिवशी मी पाटी बदलली: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ पुढचे दोन महिने व्हॉट्सअॅपवर रोज एकच प्रश्न यायचा, ‘नंबर चुकला तर काय?’ आणि माझं उत्तर वाचून माणूस गप्प व्हायचा. ऑर्डर काही यायची नाही.

त्यानंतर मी परत येणाऱ्या प्रत्येक जोडाची वहीत नोंद ठेवायला लागलो. अक्षतावाले ग्राहक वर्षात बोटांवर मोजण्याइतके निघाले. बाकी जवळजवळ सगळे जोड मापासाठी परत येत होते. खालचं सगळं त्या वहीतून आलेलं आहे, आणि ते स्वतःच्या वेबसाइटवर किंवा इन्स्टाग्रामवर विकणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या मार्केटप्लेसवर विकत असाल तर परताव्याचे नियम बहुतांशी त्यांचेच चालतात. तिथे तुमच्या हातात फक्त माप आणि पॅकिंग उरतं.

आधी एका परताव्याचा खर्च काढा

धोरण लिहायला बसण्याआधी कागद घ्या आणि एक जोड परत आला की खिशातून नेमके किती जातात ते मांडा. मी एक उदाहरण धरतो, तुम्ही तुमचे आकडे घाला.

जोड १,४९९ रुपयांचा, जीएसटीसह. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे तुमच्या हातात येतात साधारण १,४२८. कारागिराला ७५०, खोका आणि पॅकिंग ४५, कुरिअर ८०, पेमेंट गेटवेचे त्यांच्यावरच्या करासह ३५, आणि ती ऑर्डर मिळवायला जाहिरातीवर गेलेले २००. हाती उरले ३१८ रुपये.

आता हाच जोड परत आला आणि तुम्ही पैसे परत केले. जाहिरातीचे २०० गेले. जातानाचं कुरिअर ८०, येतानाचं ११० (घरी जाऊन उचलायचं कुरिअर बहुतेक ठिकाणी महागच पडतं). पॅकिंग ४५. गेटवेची फी बहुतेक गेटवे परत करत नाहीत, ते ३५. तपासणं, पुसणं, नवा खोका, २०. झाले ४९०. शिवाय दर पाचांतला एक जोड नवा म्हणून विकता येत नाही असं धरा. तो ३५० रुपये तोट्यात काढावा लागला तर प्रत्येक परताव्यावर सरासरी ७० आणखी. एकूण ५६०.

पैसे परत न मागता ग्राहकाने माप बदलून घेतलं तर विक्री टिकते. जादा खर्च होतो तो उलट्या कुरिअरचा ११०, दुसऱ्या पाठवणीचा ८०, पॅकिंग ४५, तपासणी २०, आणि तेच सरासरी ७०. एकूण ३२५. म्हणजे नफ्यातले ३१८ गेले आणि वर सात रुपये.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. बदलून दिलं तर उणे ७, पैसे परत केले तर उणे ५६०. शंभर ऑर्डरींत पंधरा परत आल्या आणि पंधराही जणांनी पैसे मागितले तर महिन्याअखेर १८,६३० उरतात. त्याच पंधरांतल्या नऊ जणांनी माप बदलून घेतलं तर २३,६०७. मुळात परतच दहा आल्या, त्यांतल्या सहा बदलून गेल्या, तर २६,३३८.

आता नवे विक्रेते सगळ्यात आधी काय करतात? परताव्यावर शंभर रुपये फी लावतात. वरच्या पंधरांतल्या नऊ जणांनी माप बदललं त्या हिशोबात उरलेले सहा जण पैसे मागणार, म्हणजे फीचे मिळाले ६००. ती फी वाचून शंभरातल्या दोघांनी खरेदीच सोडली तर ६३६ गेले. म्हणून मी फी अगदी शेवटी आणि एकाच ठिकाणी लावतो.

माप: गळती इथे आहे

कोल्हापुरी हाताने बनते. चामडं कारागीर कापतो, वादीने शिवतो, आणि दोन कारागिरांचा ‘८ नंबर’ सारखा असेलच असं नाही. आमच्याकडे एकाच डिझाइनचे दोन घरांतून आलेले ८ नंबरचे जोड मी पट्टीने मोजले तेव्हा आतल्या लांबीत ५ ते ६ मिलिमीटरचा फरक निघाला. यूके मापात दोन पूर्ण नंबरांमधला फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा असतो. म्हणजे कारागीर बदलला की अर्ध्याहून जास्त नंबर इकडेतिकडे. मग ‘मी नेहमी ८ घालतो’ म्हणणारा ग्राहक खरं बोलूनही फसतो, आणि त्याच्या लेखी फसवणारे आपण.

त्यामुळे नंबरांचा तक्ता कुठून तरी उचलून लावू नका. प्रत्येक डिझाइनचा, आणि कारागीर वेगळे असतील तर प्रत्येक कारागिराच्या मालाचा तक्ता स्वतः काढा. तक्त्यात चपलेची लांबी लिहू नका, पायाची लिहा: ‘पाय २५.० ते २५.६ सेंटिमीटर असेल तर हा नंबर.’ हे ठरवायला घरचे, शेजारचे, दुकानातले मिळून दहा-बारा पाय गोळा करा, मोजा, आणि कोणाला कुठला जोड नीट बसला ते लिहा. एक दुपार जाते. नवा लॉट आला की त्यातले तीन-चार जोड पुन्हा पट्टीला लावा.

ग्राहकाला पाय मोजायला सांगताना चार वाक्यं पुरतात. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. कागद भिंतीला टेकवून त्यावर उभे राहा, टाच भिंतीला लावा. सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी खूण करा. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा. ‘उभे राहा’ हे विसरू नका, बसून मोजलेला पाय आखूड येतो.

याखाली एक ओळ अशी घाला जी फक्त चप्पल विकणाराच लिहू शकतो. चामडं वापराने आडवं सैल होतं, उभं वाढत नाही. नवी कोल्हापुरी पट्ट्याखाली घट्ट लागणं स्वाभाविक आहे, ती चार-सहा दिवसांत पायाला बसते. पण टाच मागे बाहेर लोंबत असेल तर ती कधीच बसणार नाही, लगेच बदलून घ्या. हीच ओळ आम्ही चिठ्ठीवर छापून खोक्यात टाकतो, कारण ‘चावते, परत घ्या’ असे निम्मे फोन पहिल्या दिवशीच येतात. पसरट पायाच्या माणसाला मात्र हा दिलासा देऊ नका. अंगठ्याची कडी त्याच्या पायाला रुततच राहते, त्याला कडी नसलेलं डिझाइन सुचवा.

कोणी एकाच डिझाइनचे ७ आणि ८ दोन्ही मागवले तर पाठवण्याआधी फोन करा. ‘दादा, दोन मापं घेतलीत, पाय किती सेंटिमीटर आहे?’ दोन मिनिटांचा फोन, आणि ११० रुपयांचं उलटं कुरिअर वाचतं.

नियमांत तीन दारं ठेवा

एकाच मुदतीत आणि एकाच अटीत सगळे परतावे कोंबले की एक तर प्रामाणिक ग्राहक दुखावतो नाहीतर तुम्ही लुटले जाता. कारणाप्रमाणे वाटा वेगळ्या करा.

पहिलं दार, चूक आपली. दुसराच नंबर गेला, दोन्ही डावे गेले, शिलाई उसवलेली, रंग फोटोपेक्षा वेगळाच, किंवा सांगितलेल्या तारखेच्या बऱ्याच नंतर पोहोचली. इथे फी नाही, अट नाही, कुरिअर आपलं, आणि पैसे हवे की नवा जोड हे ग्राहक ठरवणार. यात उदारपणा काही नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सदोष, दाखवल्यापेक्षा वेगळा किंवा कबूल वेळेनंतर पोहोचलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. म्हणजे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही माझी पाटी या बाबतीत मुळात चालणारीच नव्हती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाचे पैसे बिलावर लिहिलेल्या मुदतीत द्यायचे आहेत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत. तेव्हा बिलावर मुदत लिहा. वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्कही लागतो. छोट्या धंद्यात तो अधिकारी बहुधा तुम्हीच असता. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची.

खोका उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर तक्रार घेणार नाही, अशी अट बरेच जण घालतात. मला ती पटत नाही. ग्राहकाने व्हिडिओ काढलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, आणि ज्याची शिलाई खरंच उसवली त्याला आपण चोर ठरवतो. त्यापेक्षा पॅक करताना आपणच दोन फोटो काढावेत. त्याबद्दल पुढे सांगतो.

दुसरं दार, माप बसलं नाही. हे दार सगळ्यात रुंद ठेवा. पोहोचल्यापासून सात दिवस, एकदा माप बदलून फुकट, दोन्ही बाजूंचं कुरिअर आपलं. हवा तो नंबर संपला असेल तर पूर्ण रक्कम परत, कारण माल नसणं हा ग्राहकाचा दोष नाही. नंबर असूनही त्याला पैसेच हवे असतील तर दोन पर्याय द्या: पूर्ण रकमेचं क्रेडिट, किंवा उलट्या कुरिअरचे ११० वजा करून बँकेत पैसे. फी लावायची ती एवढीच, आणि तीही विकत घेण्याआधी दिसेल अशी. सात दिवसच का? ज्याला माप पाहायचं आहे तो दुसऱ्या दिवशी पाहतो. तीस दिवस लग्नाला पुरतात.

तिसरं दार, वापरात काही झालं. महिन्याभरात वादी तुटली किंवा कान सुटला तर दुरुस्ती आपली. इथे आम्हाला एक सोपी युक्ती सापडली. पुण्यातल्या ग्राहकाची तुटलेली वादी कोल्हापूरला आणून परत पाठवायला १९० रुपये कुरिअर लागतं. त्याच्या कोपऱ्यावरचा चांभार तेच काम पन्नास-साठ रुपयांत करतो. आम्ही ग्राहकाला फोटो पाठवायला सांगतो, ‘जवळ शिवून घेता का, पैसे लगेच पाठवतो’ असं विचारतो, आणि यूपीआयने ऐंशी रुपये टाकतो. बहुतेक जण खूश होऊन हो म्हणतात. मात्र हा पर्याय आहे, सक्ती नाही. नको म्हणाला तर जोड मागवून घ्यायचा. पावसात भिजून फुगलेलं चामडं मात्र यात येत नाही. कोल्हापुरी पावसात घालायची नसते हे डिझाइनच्या पानावर आधीच लिहिलेलं हवं, जोड भिजल्यावर सांगून उपयोग नाही.

वापरलेला जोड ओळखायचा कसा

इथे कडक राहा, पण पुराव्यावर. पाठवताना प्रत्येक जोडाला क्रमांक द्या आणि तो तळाच्या आतल्या कडेला बारीक शाईने लिहा. मग दोन फोटो: एक वरून क्रमांक दिसेल असा, एक दोन्ही तळांचा. ऑर्डर नंबरच्या नावाने फोल्डरमध्ये ठेवा. नवा जोड मागवून जुना परत करणारा एखादा असतोच, तो या क्रमांकाने सापडतो.

दुसरं, दोन्ही पट्ट्यांना मिळून एक टॅग दोऱ्याने बांधा. दोरा वीतभर ठेवा, म्हणजे दोन्ही पाय घालून आरशासमोर उभं राहता येईल पण रस्त्यावर चालता येणार नाही. आधी आम्ही टॅग एकाच पट्ट्याला लावायचो. लोक तो दुमडून आत खोचायचे आणि दिवसभर फिरून यायचे.

परत आलेला जोड उजेडात तिरका धरा. चामड्याचा तळ डांबरी रस्त्यावर पाच मिनिटं चालला तरी टाचेकडे आणि चवड्याखाली बारीक ओरखडे उमटतात, ते पुसून जात नाहीत. शिलाईच्या खाचेत धूळ बसते. वरच्या बाजूला टाचेच्या जागी घामाने चामडं गडद होतं. घरात सतरंजीवर घालून पाहिलेल्या जोडात यातलं काही नसतं, फार तर पट्ट्याला हलकी घडी दिसते. ती घडी ‘वापरलेलं’ म्हणून धरू नका.

वापरलेला निघाला तर ग्राहकाला आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो पाठवा आणि जोड परत पाठवू का एवढंच विचारा. आरोप करू नका. बहुतेक वेळा समोरून ‘ठीक आहे, पाठवा’ येतं.

पैसे कधी आणि कसे

‘५ ते ७ दिवसांत रिफंड’ असं मोघम लिहिलं की ग्राहक परताव्याची विनंती केल्या दिवसापासून मोजतो आणि तुम्ही माल आल्या दिवसापासून. त्यातून भांडणं होतात. आपल्या हातातल्या गोष्टीचंच वचन द्या: ‘जोड आमच्याकडे पोहोचल्यापासून ४८ तासांत तपासून पैसे सोडू. त्यानंतर बँकेला काही दिवस लागू शकतात.’ पैसे सोडले की संदर्भ क्रमांक लगेच मेसेजने पाठवा. ‘पैसे कुठे आहेत’ हा फोन त्या एका क्रमांकाने बंद होतो.

ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत करा. कॅश ऑन डिलिव्हरीत तसं जमत नाही, तेव्हा ऑर्डरच्या मोबाइल नंबरवर फोन करून त्याच नंबरच्या यूपीआयवर पाठवा. हिशोबाकडे क्रेडिट नोट लगेच काढा, नाहीतर परत आलेल्या मालाचाही जीएसटी भरून बसता.

कॅश ऑन डिलिव्हरीचा जोड ग्राहकाने दारातूनच नाकारला तर तो परतावा नव्हे, त्याचा हिशोब वेगळा ठेवा. तिथे धोरण काही कामाचं नसतं. पाठवण्याआधी व्हॉट्सअॅपवर पक्कं करणं किंवा ९९ रुपये आधी घेणं एवढाच उपाय.

मजकूर

नियम वेबसाइटच्या तळाशी पुरू नका, नंबर निवडायच्या बटणाखालीच ठेवा. आमचा मजकूर असा आहे, हवा तर बदलून घ्या:

‘माप बसलं नाही? ७ दिवसांत कळवा, दुसरं माप एकदा फुकट बदलून देऊ. घरात सतरंजीवर घालून पाहा, टॅग कापू नका. पैसेच हवे असतील तर पूर्ण रकमेचं क्रेडिट, किंवा ११० रुपये कुरिअर वजा करून खात्यात. आमची चूक असेल, म्हणजे चुकीचा नंबर, उसवलेली शिलाई, फोटोपेक्षा वेगळा जोड किंवा फार उशीर, तर एक रुपयाही कापणार नाही. ३० दिवसांत वादी तुटली तर दुरुस्ती आमच्याकडे. रस्त्यावर वापरलेला किंवा भिजलेला जोड मापासाठी बदलून मिळत नाही. भारताबाहेर पाठवलेल्या जोडाचं माप बदलून देता येत नाही, मागवण्याआधी आमच्याशी बोला.’

शेवटची ओळ दुबईच्या एका ऑर्डरीनंतर आली. जोडाच्या किमतीपेक्षा परतीचं कुरिअर जास्त झालं होतं. आता परदेशातल्या ग्राहकाला आम्ही कागदावर पायाची बाहेररेषा काढून, शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवायला सांगतो.

वही

प्रत्येक परताव्याला एक ओळ: डिझाइन, कारागीर, गेलेला नंबर, मागितलेला नंबर, कारण, पैसे की बदल. महिन्याअखेर फक्त एक गोष्ट पाहा. एकाच डिझाइनचे तीन-चार जोड एकाच दिशेने परत आलेत का, म्हणजे सगळ्यांना एक नंबर मोठाच हवा आहे का. तसं असेल तर ग्राहकांना दोष देण्यात अर्थ नाही, तक्ता चुकलाय. मागच्या पावसाळ्याआधी आमच्या एका बायकांच्या डिझाइनमध्ये असंच झालं. पट्टी लावली तर नवा लॉट चार मिलिमीटर आखूड निघाला. तक्त्यात नंबर एकाने सरकवला आणि उरलेले बावीस जोड त्याच किमतीत गेले.